आधी थांबायला शिकवा

लहान मुलांच्या हाती डमरू-खुळखुळा देण्याआधी त्यांना थांबायला शिकवावं, असं माझं मत आहे. आदिलाबादला घरी चार वर्षांच्या भाचीसोबत मी बडबडगीताच्या प्रत्येक अक्षरावर टाळी द्यायचे, त्यामुळे तिची घाई व्हायची आणि गाणं पळायचं. आता आम्ही तिच्या चालण्याच्या वेगानं चार मोजतो. तीन टाळ्या, आणि चौथ्याला हात खांद्यावर, आवाज नाही. तबल्याच्या तालातली ‘खाली’सुद्धा अशीच टाळीविना दाखवतात. नुसतं ‘गप्प’ म्हटलं की ती चौथी टाळी हमखास वाजवायची. हाताला काम मिळालं, तशी थांबू लागली. मी मध्येच थांबले तरी तिची दोन आवर्तनं त्याच वेगात झाली, की मगच डबा आणि चमचा.