डॉलरचा भाव सांगताना दर आणि तारीख लिहा

उंद्री (ता. चिखली) : हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. दुबईचा व्यापारी भाव मागतोय, काय सांगायचं? परवाच्या बैठकीत एका होतकरू तरुणाने आपण पाठवलेला निरोप मोबाइलवर दाखवला. त्यात एकच ओळ होती : हळकुंड, दहा टन, किलोला अमुक डॉलर. कोणत्या दिवसापर्यंत हा भाव, डॉलर किती रुपयांचा धरला, काही नाही. मी म्हटलं, बाबा, ही सौद्याची चिठ्ठी नाही, हा कोरा चेक आहे.

त्यावर मागून एक म्हातारे बोलले, "सायेब, डॉलर तं वाढतच राह्यते. मंग भेव कायचं?"

हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो अर्धाच खरा आहे. लांबचा हिशेब पाहिला तर डॉलर महाग होत गेला, डिसेंबर २०२५ मध्ये तर तो नव्वदीच्या पुढे गेला. पण आपला सौदा दोन-तीन महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात तो उलटाही फिरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर जवळजवळ ८८ रुपयांपर्यंत चढला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला तोच ८४ च्या आसपास उतरला. नेमका हा आपला हळदीचा हंगाम.

त्या दोन दरांवर एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरतो. दहा टन हळकुंड पोत्यात भरून, न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च, मालाच्या किमतीसह, किलोला १४८ रुपये आला. गटाला ६ रुपये सुटावेत म्हणून १५४ रुपये हवेत. ८८ ने भागले की पावणेदोन डॉलर, म्हणजे १.७५. दहा टनांचे साडेसतरा हजार डॉलर, रुपयांत १५ लाख ४० हजार. नफा ६० हजार. आता माल गेला, आणि पैसे आले त्या दिवशी डॉलर ८४ झाला. व्यापाऱ्याने कबूल केलेले साडेसतरा हजार डॉलर पुरेपूर दिले, एक सेंट बुडवला नाही. तरी खात्यात पडले १४ लाख ७० हजार. म्हणजे ६० हजारांचा नफा गेलाच, वर १० हजार पदरचे गेले. मालाला खोट नाही, माणसात खोट नाही.

काही जण म्हणतात, मग डॉलर सोडा, दिरहममध्ये भाव द्या. त्याने काही साधत नाही. दिरहम १९९७ पासून डॉलरलाच बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. डॉलर घसरला की तोही घसरतो. रुपयांत सौदा करायची सोय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये विशेष खात्यांच्या मार्गाने केली आहे, पण समोरचा व्यापारी आणि त्याची बँक त्याला तयार लागते. लहान गटाच्या शब्दाला तेवढं वजन अजून नाही.

तेव्हा डॉलरच ठेवायचा, पण भावाखाली विनिमय दराची अट घालायची. ती साधारण अशी असावी : हा भाव एका डॉलरला ८८ रुपये या दरावर धरला आहे. इन्व्हॉइसच्या आदल्या कामकाजाच्या दिवशीचा संदर्भ दर यापेक्षा एक टक्क्याहून जास्त खाली किंवा वर गेला, तर डॉलरमधला भाव त्या प्रमाणात बदलेल. संदर्भ दर म्हणजे 'एफबीआयएल' ही संस्था कामकाजाच्या दर दिवशी दुपारी जाहीर करते तो. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. हाच दर का? कारण तो दोघांनाही पाहता येतो. 'बाजारातला दर' एवढंच लिहिलं तर तुम्ही तुमच्या बँकेचा दाखवाल, तो त्याच्या बँकेचा दाखवेल आणि भांडण लागेल. तुमची बँक मात्र डॉलर घेताना यापेक्षा काही पैसे कमीच देते. तो फरक आधीच खर्चात धरून ठेवा.

आता वरचाच सौदा या अटीसह बघा. ८८ चा एक टक्का म्हणजे ८८ पैसे. दर ८७.१२ च्या खाली गेला की अट लागू. इन्व्हॉइसच्या वेळी तो ८४ असेल तर १.७५ ला ८८ ने गुणायचं आणि ८४ ने भागायचं. नवा भाव १.८३ डॉलर. दहा टनांचे १५ लाख ३७ हजारांच्या वर होतात, म्हणजे गटाचा नफा जवळपास शाबूत. उलट डॉलर ९० झाला तर भाव १.७१ वर येईल आणि फायदा व्यापाऱ्याला मिळेल. हे पुष्कळांना खुपतं. पण अट दोन्हीकडून असेल तरच समोरचा सही करतो. एकतर्फी अट मी तरी कुणाला सुचवणार नाही.

एवढं केलं तरी एक भोक उघडंच राहतं. दराची अट डॉलरचं बघते, हळदीचं नाही. तुम्ही भाव पाठवला, व्यापारी महिनाभर गप्प बसला, तेवढ्यात हिंगोली-वसमतला हळद क्विंटलला हजार रुपयांनी चढली, आणि मग त्याचा होकार आला, तर काय कराल? त्यासाठी मुदत लागते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्तावात मुदत लिहिली असेल तर ती टळताच प्रस्ताव संपतो. मुदतच नसेल तर 'वाजवी काळ' धरला जातो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद होतो. म्हणून 'आठ दिवस' असंही मोघम लिहू नका. तारीख आणि वेळ टाका, भारतीय वेळ असं स्पष्ट लिहा, कारण दुबईचं घड्याळ दीड तास मागे आहे. लेखी होकार त्या वेळेच्या आत आपल्या हाती पडला पाहिजे, हेही लिहा. किती दिवस द्यायचे? माल गटाच्या गोदामात असेल तर माझ्या मते सात दिवस ठीक. सभासदांकडून अजून गोळा करायचा असेल तर तीनच्या वर जाऊ नका.

होकारापर्यंत मुदत, होकारापासून इन्व्हॉइसपर्यंत दराची अट. इन्व्हॉइस झाल्यावर पैसे यायला महिना-दोन महिने लागत असतील तर तेवढा काळ पुन्हा उघडा राहतो. तिथे बँकेशी वायदा करार करता येतो : अमुक तारखेला एवढे डॉलर या दराने देऊ. पण तो पाळावाच लागतो. व्यापाऱ्याने पैसे अडवले तर करार मोडण्याचा भुर्दंड गटावर बसतो. म्हणून नव्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी आधी आगाऊ रक्कम मागायला सांगतो, वायदा नंतर.

व्यापारी घासाघीस करणारच. एक टक्का कमी होतो, दोन करा, असं म्हणेल. वरच्या हिशेबात दोन टक्के म्हणजे दर ८६.२४ पर्यंत उतरला तरी भाव तोच. तेव्हा गटाला १५ लाख ९ हजार मिळतात, नफा २९ हजारांवर येतो, पण तोटा होत नाही. तिथे मान्य करा. चार टक्के मागितले तर ८४.४८ पर्यंतची घसरण आपल्या अंगावर येते, आणि आपला खर्च साडेचौऱ्याऐंशीच्या खाली भागत नाही. तिथे नाही म्हणा, किंवा किलोचा भाव वाढवून द्या.