तापाचा दिवस कोणता?

गेल्या भाद्रपदात मार्केट यार्डातील एक गूळव्यापारी पत्नी व चिरंजीवांसह दवाखान्यात आले. हातातील कागदावर डेंग्यूपुढे ‘निगेटिव्ह’ असे छापलेले होते. ‘डेंग्यू नाही, तर ताप का उतरत नाही?’ हा त्यांचा प्रश्न. मी विचारले, ‘काका, ताप कधीपासून आहे?’ ते म्हणाले, ‘सोमवारपासून.’ काकूंनी हळूच दुरुस्ती केली, ‘रविवारी संध्याकाळीच अंग तापले होते. सोमवारी सौद्याला जायचे म्हणून बोलले नाहीत.’

या एका दिवसाच्या फरकाला डेंग्यूत फार महत्त्व आहे. ताप आला तो पहिला दिवस धरायचा. म्हणजे सोमवारी रक्त दिले तो दुसरा दिवस आणि माझ्याकडे आले तो बुधवार चौथा.

सोमवारच्या कागदावर केवळ आयजीएम व आयजीजी या प्रतिपिंडांची तपासणी होती. प्रतिपिंडे विषाणूची नव्हेत, ती आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध घडविलेली असतात आणि ती घडण्यास वेळ लागतो. आयजीएम साधारणतः चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते. दुसऱ्या दिवशी ते न सापडणे हे अपेक्षितच होते. त्या निगेटिव्हला काहीही अर्थ नव्हता.

पहिल्या पाच दिवसांत शोधायचे ते एनएस-१ नावाचे प्रतिजन. हे विषाणूचेच प्रथिन असून ते रक्तात सोडले जाते, म्हणून पहिल्या दिवसापासून सापडू शकते. पाचव्या दिवसानंतर ते झपाट्याने कमी होत जाते. शासनाच्या कार्यक्रमातही हीच विभागणी आहे: पाचव्या दिवसापर्यंत एनएस-१ची एलायझा, त्यानंतर आयजीएमची एलायझा. आयजीएमचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या कार्डावरील पॉझिटिव्हला शासन निश्चित निदान मानत नाही, केवळ संभाव्य मानते. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी कार्डच वापरले जाते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बुधवारी काकांची तपासणी पुन्हा केली. एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. आता डेंग्यूबद्दल फारशी शंका उरली नाही. परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते आयजीजीने. प्रथमच डेंग्यू होणाऱ्यात आयजीजी पहिला आठवडा सरताना दिसू लागते आणि मग वर्षानुवर्षे राहते. चौथ्या दिवशीच ते असणे म्हणजे शरीराला हा विषाणू पूर्वपरिचित असावा. विचारल्यावर आठवले, तीन वर्षांपूर्वी सांगलीस आठवडाभर ताप येऊन गेला होता, त्याला ‘व्हायरल’ म्हटले गेले. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन पुढे दुसरा झाला तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. अशा दुसऱ्या खेपेस आयजीएम फिके असते, कधी येतही नाही. जुनी प्रतिपिंडे प्रतिजनाला बांधून ठेवतात, त्यामुळे एनएस-१सुद्धा कधी कधी निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह एनएस-१ने डेंग्यू नाकारता येत नाही.

याच्या उलट फसवणूकही होते. दिवाळीत एका सूनबाईंना ताप आला, पहिल्याच दिवशी आयजीएम पॉझिटिव्ह. श्रावणअखेरीस त्यांना डेंग्यू होऊन गेला होता. आयजीएम दोन-तीन महिने रेंगाळते. हे पॉझिटिव्ह जुन्या आजाराचे होते, आताच्या तापाचे कारण निराळेच निघाले.

काकांकडे परत वळू. शुक्रवारी, सहाव्या दिवशी ताप उतरला व त्यांनी पेढीवर जाण्याची तयारी केली. डेंग्यूत धोका बहुधा याच वेळी येतो, ताप उतरताना. पोट दुखत होते, दोनदा उलटी झाली होती. प्लेटलेट बुधवारी १,४०,००० होत्या, त्या ५८,००० झाल्या. त्याहून बोलका आकडा हिमॅटोक्रिटचा: ४० वरून ४८. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्त दाट होत असल्याची ती खूण. काकांचा चौविहार असल्याने रात्री तोंडाने पाणी जाणार नव्हते, ही गोष्ट घरच्यांनी आपण होऊन सांगितली ते बरे झाले. त्यांना दाखल करून शिरेतून सलाईन मोजून दिले. प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत, रविवारी त्या आपोआप वाढू लागल्या. ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलखेरीज काही दिले नाही. ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

दहाव्या दिवशी चिरंजीवांनी विचारले, ‘एनएस-१ निगेटिव्ह झाली का, पुन्हा पाहू या?’ मी नको म्हणालो. दहाव्या दिवशी ती बहुधा निगेटिव्हच येणार, आणि आली तरी तिच्यावरून प्रकृतीची सुधारणा कळत नाही. काकांना भूक लागली होती, लघवी भरपूर होत होती आणि प्लेटलेट १,१०,००० वर आल्या होत्या.