पन्नास की त्रेपन्न? : शिवचरित्राच्या दोन ओळींची झडती

१/
‘छत्रपती शिवाजी महाराज. जन्म १९ फेब्रुवारी १६३०, शिवनेरी. निधन ३ एप्रिल १६८०, रायगड. आयुर्मान ५३ वर्षे.’ अशा धाटणीचा मजकूर दरवर्षी शिवजयंतीला हजारो हातांतून पुढे सरकतो. त्यातली जन्मतारीख बरोबर, निधनाची तारीखही बरोबर. तरीही मजकूर चुकीचा. १६८० मधून १६३० वजा करण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. महाराजांचे आयुष्य पन्नास वर्षे आणि सुमारे दीड महिन्याचे होते.

२/
हा ५३ चा आकडा आकाशातून पडलेला नाही. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इसवी सन १६२७ मध्ये, दिला आहे. ती बखर महाराजांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, उत्तर पेशवाईत लिहिली गेली. जुन्या पुस्तकांनी तिच्या आधारे वय काढले. पुढे तारीख सुधारली, पण तिच्यावर उभे असलेले वय कोणी सुधारले नाही. एका साधनातली तारीख आणि दुसऱ्यातले वय एकाच चौकटीत नांदू लागले.

३/
तारीख बदलली ती कोणाच्या लहरीने नव्हे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदलेला आहे. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यातही तोच शक आणि तीच तिथी आहे. एक शकावली, एक संस्कृत काव्य; दोन वेगळ्या परंपरा एकाच दिवसावर येऊन थांबतात. चरित्रातील तारखेला बळ मिळते ते अशा जुळण्याने. एकच मजकूर शंभर ठिकाणी उतरवला गेला म्हणून शंभर साक्षी होत नाहीत.

४/
आता ही नोंद इसवी सनात आणताना पहिला खड्डा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. १५५१ अधिक ७८, म्हणजे १६२९. चूक! शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना असल्याने तेव्हा ७९ मिळवावे लागतात. उत्तर १६३०. निधनाची तिथी मात्र शके १६०२ च्या चैत्र पौर्णिमेची; तेथे ७८ च मिळवायचे. एकाच चरित्रात दोन तारखांना दोन वेगळे आकडे लागतात.

५/
दुसरा खड्डा दिनदर्शिकेचा. आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका मागे नेत १९ फेब्रुवारी १६३० काढली, तर वार मंगळवार येतो. शकावली शुक्रवार सांगते. मग शकावली खोटी? नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. तेव्हा दोन्ही पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणून आजच्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. रूपांतर बरोबर झाले की नाही हे तपासायला मूळ नोंदीतला वार इतका उपयोगी पडतो. आणि नेमका तोच वार मजकूर आटोपशीर करताना सर्वांत आधी गाळला जातो.

६/
हे अंतर केवळ गणिताचे नाही. सतराव्या शतकात सुरतेचे इंग्रज जुनी पद्धत वापरत होते, गोव्याचे पोर्तुगीज नवी. एकाच घटनेची तारीख दोघांच्या पत्रांत दहा दिवसांनी वेगळी दिसू शकते. म्हणून एका चरित्रात एकच पद्धत ठेवावी. जन्म १ मार्च आणि राज्याभिषेक ६ जून १६७४ असे शेजारी लिहिणे म्हणजे दोन मापांनी एकच कापड मोजणे. कारण ६ जून ही तारीखही ज्युलियनच आहे.

७/
राहिली पदवी. आदराने ‘छत्रपती’ म्हणणे वेगळे आणि ‘१६६४ मध्ये छत्रपती असताना सुरतेवर स्वारी केली’ असे विधान करणे वेगळे. पहिल्या स्वारीच्या वेळी राज्याभिषेकाला दहा वर्षांहून अधिक काळ होता. पदवी मागे ढकलली की १६७४ च्या सोहळ्याची गरजच वाचकाला कळेनाशी होते. जे आधीच होते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्याला वाटते.

८/
‘दोन-तीन वर्षांनी काय बिघडते, भावना महत्त्वाची’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानासमोर उभा राहिलेला पुरुष एकोणतीस वर्षांचा होता की बत्तिसाचा, हे जन्मवर्षावरच ठरते. ‘अवघ्या इतक्या वर्षांचे असताना’ अशी ज्या वाक्यांची सुरुवात असते, त्यांचा सगळा जोर त्या एका आकड्यावर असतो. भावनेसाठी वय वापरायचे आणि वय तपासायला मात्र नकार द्यायचा, ही भक्ती नव्हे, आळस आहे.

९/
शकावली नोंदवणाऱ्याने शक, महिना, पक्ष, तिथी आणि वार, इतके सारे लिहून ठेवले. त्यातला वार जपला असता, तर मंगळवार-शुक्रवारचा घोळ पहिल्याच वाचकाला सापडला असता. आणि ५३ चा आकडा पकडायला तर एक वजाबाकी पुरेशी होती.