बाटल्या किती लागल्या, ते रिपोर्टवर लिहून ठेवा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या नागरिकांना एक आवाहन आहे. घरातलं माणूस हगवण-उलटीनं किंवा उन्हानं आजारी पडून दवाखान्यात गेलं, की त्याच्या हिमोग्लोबिनचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढू नये. भरतीच्या दिवशी ११.७ असलेला आकडा तिसऱ्या दिवशी ८.८ दिसतो आणि नातेवाईक घाबरतात. कोणी म्हणतं, सलाइननं रक्त पातळ केलं. कोणी म्हणतं, रक्त गेलं कुठं? कोणी रक्ताच्या बाटलीसाठी रक्तदाता शोधायला निघतं. बहुतेक वेळा रक्ताचा एक थेंबही कुठं गेलेला नसतो.

हिमोग्लोबिनचा आकडा शरीरात एकूण किती हिमोग्लोबिन आहे, हे सांगत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे, एवढंच सांगतो. चुलीवर वरण आटलं तर डाळ वाढत नाही, वरण घट्ट होतं. वरून पाणी ओतलं तर डाळ कमी होत नाही, वरण पातळ होतं. रक्तातलं पाणी कमी-जास्त झालं की आकडा असाच हलतो.

समजा, पेरणीच्या दिवसांत ५० किलो वजनाची एक शेतमजूर बाई हगवणीनं दवाखान्यात आली. तिच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त. तिचं खरं हिमोग्लोबिन १०, म्हणजे सगळं मिळून ३५० ग्रॅम. रात्रभरात तिच्या अंगातून दोन लिटर पाणी आणि क्षार गेले. हगवणीतून जाणारा द्रव पेशींच्या बाहेरच्या पाण्यातून जातो आणि त्याचा साधारण चौथा हिस्सा रक्ताच्या वाट्याचा असतो. म्हणजे रक्त अर्ध्या लिटरनं आटून तीन लिटरवर आलं. तेच ३५० ग्रॅम आता तीन लिटरमध्ये मोजले जातात आणि रिपोर्टवर ११.७ येतं. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ही रक्तक्षयाची सीमा धरतात. ‘थोडंच कमी आहे,’ असं म्हणून घरचे निश्चिंत होतात.

मग तिला अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या लागल्या. मिठाच्या पाण्याचं सलाइन शिरेतून आत गेलं तरी ते सगळं रक्तात थांबत नाही. तास-दीड तासात त्यातला साधारण चौथा भागच रक्तात उरतो, बाकीचं ऊतींमध्ये पसरतं. चार बाटल्यांतलं अर्धा लिटर रक्तात राहिलं, रक्त परत साडेतीन लिटर झालं आणि आकडा १० वर आला. तिचं खरं हिमोग्लोबिन तेवढंच होतं. हगवण थांबल्यावरही आणखी चार बाटल्या चढवल्या, तर रक्त चार लिटर होतं आणि रिपोर्ट ८.८ दाखवतो. ३५० ग्रॅम मात्र तिन्ही वेळा तेवढेच होते. जास्तीचं पाणी मूत्रपिंडं पुढच्या काळात बाहेर टाकतात आणि आकडा हळूहळू आपल्या जागी येतो.

या गोष्टीचं मूळ पटकीतच सापडतं. इंग्लंडात १८३१ साली साथ आली तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरनं रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व क्षार कमी झाल्याचं दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडात थॉमस लाटा यांनी अशा रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. वऱ्हाडाला पटकी अनोळखी नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित पाण्यातून तिची साथ आली आणि माणसं दगावली. पटकीत अंगातलं पाणी फार कमी झालेल्या ५० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांतच पाच लिटर, म्हणजे दहा बाटल्या द्याव्या लागतात. तिथं बाटल्या मोजून घाबरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. त्यानंतर आकडा खाली येणं हे उपचार लागू पडत असल्याचं लक्षण असतं. म्हणून सलाइनला नाही म्हणू नये.

उन्हाची गोष्ट थोडी वेगळी. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावावं लागलं. घामात रक्तापेक्षा मीठ कमी असतं, त्यामुळे घामानं गेलेलं पाणी पेशींच्या आतूनही भरून येतं आणि हिमोग्लोबिन हगवणीइतकं चढत नाही. म्हणून ऊन लागलेल्या माणसाचा आकडा ठीक दिसला, तरी त्याच्या अंगात पाणी पुरेसं आहे असं मानू नये. लघवी कमी आणि गडद होणं, नाडी जलद चालणं, उभं राहताच गरगरणं, या खुणा अधिक बोलक्या असतात.

आकडा खाली आला की प्रत्येक वेळी सलाइनच कारण असतं, असंही नाही. पातळ झालेल्या रक्तात हिमोग्लोबिनबरोबर पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्रथिनंही खाली येतात, आणि माणूस मात्र आधीपेक्षा बरा दिसतो. रक्तस्राव होत असेल तर नाडी वाढत जाते, हातपाय गार पडतात, शौच डांबरासारखं काळं होतं. अशा वेळी ‘सलाइनचा परिणाम असेल’ म्हणून थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. तिसरी शक्यता नमुना घेण्यातल्या चुकीची असते. ज्या हाताला सलाइन सुरू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूनं नमुना घेतला, तर बाटलीतलं पाणीच नळीत येतं आणि आकडा एकदम कोसळतो. नमुना दुसऱ्या हातातून घ्यायला नम्रपणे सांगावं. परिचारिका त्याला हरकत घेणार नाहीत.

या सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आटलेल्या रक्तामागं लपलेल्या रक्तक्षयामुळं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. वरच्या उदाहरणातली बाई ११.७ चा कागद घेऊन घरी गेली, तर तिच्या लोहाच्या गोळ्यांचा विषय कोणी काढणारच नाही. पण त्याच कागदावर एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. हगवणीत रक्त आटलं किंवा सलाइननं पातळ झालं, तरी तो फारसा बदलत नाही. साधारण ८० ते १०० च्या मध्ये असायला हवा तो ६८ असेल, तर हिमोग्लोबिन कितीही बरं दिसो, लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष असण्याची दाट शंका घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावं.

तर दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांनी एवढं करावं. प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनानं लिहावं: नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला, त्याआधी किती बाटल्या लागल्या होत्या, कोणत्या हाताला. गावातून इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला हलवताना आधीचे कागद सोबत न्यावेत. रक्त चढवायचा विषय निघाला तर ‘आकडा सलाइनच्या आधीचा की नंतरचा?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. आणि माणूस बरा होऊन नीट खाऊ-पिऊ लागला, की दोन आठवड्यांनी, सलाइन नसताना, एकदा सीबीसी पुन्हा करून घ्यावी. रक्त खरंच कमी आहे का, ते त्या कागदावरून ठरवावं.