कलम पडले की पाडले?

आमच्या अंजनवेलला गेल्या पावसाळ्यात दोन सख्ख्या भावांत आठ दिवस अबोला होता. धाकटा गोपाळगडाच्या वाटेवरच्या घरात राहतो, थोरला मुंबईस असतो. धाकट्याने भ्रमणध्वनीवर निरोप धाडला: `samaik kalam padle`. वाऱ्याने सामाईक आंब्याचे कलम पडले, एवढेच त्याला सांगायचे होते. थोरल्याने वाचले, पाडले! एका कान्याचा फरक. पण रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात.

मी त्यांचा मामा. तेव्हा मराठी कळफलक बसवून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्याच्या अँड्रॉइड फोनवर `Gboard` होता. निरोपाची चौकट उघडून कळफलक वर आणला आणि वरच्या पट्टीतले दातेरी चाक दाबले. (ते दिसत नसेल, तर पट्टीच्या टोकाच्या चार चौकोनांत दडलेले असते.) पुढे `Languages`, मग `Add keyboard`, मग `Marathi (India)`.

येथे जरा थांबावे लागते, कारण फोन तऱ्हा विचारतो. `abc → मराठी` या तऱ्हेत इंग्रजी अक्षरे टाइप करायची आणि पट्टीवर मराठी शब्द येतात. सोय मोठी, पण `padle` लिहून आपण मोकळी जागा सोडली, की फोनला आवडलेला शब्द बसतो. ‘पाडले’ हवे असेल तर `paadle` लिहावे, किंवा पट्टीवर बोट ठेवून निवडावे. दुसरी तऱ्हा देवनागरी अक्षरांची. तीत प, काना, ड, ल, मात्रा असे आपणच लावतो. वेळ थोडा अधिक लागतो, पण घोटाळ्याला जागा राहत नाही. भाच्याला मी हीच निवडून दिली आणि `Done` दाबले.

आता भाषा बदलणे. मोकळ्या जागेच्या लांब कळीशेजारी पृथ्वीगोलाची कळ येते. ती एकदा दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. गोल दिसत नसेल तर लांब कळ दाबून धरावी. भाषांची यादी उघडते. त्या कळीवर चालू भाषेचे नावही असते, तेवढे पाहून मगच लिहावे. भाच्याच्या फोनात हिंदीही होती. त्यामुळे मराठीकडून इंग्रजीकडे येताना मध्ये एक थांबा लागे, आणि घाईत इंग्रजी बिलाचा क्रमांक लिहिताना ‘क’ उमटे. हिंदी काढून टाकली, दोनच भाषा ठेवल्या. एका टिचकीत काम होऊ लागले.

मग त्याने भावाला लिहिले: ‘दादा, कलम वाऱ्याने पडले. फोटो पाठवतो. विम्याचा `PDF` सोबत आहे.’ दोन भाषा, चार टिचक्या.

थोरल्याचे उत्तर आले: ‘लाकूड विकू नकोस, मी येतो.’ तेही मराठीत!