डोंगर चढणाऱ्या क्लबाचे नाव : हिंमत दिसावी, धडकी भरू नये

दुकानाचे नाव ठेवण्यात आपल्या व्यापारी बंधूंचा हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारी आपली मुले ट्रेकिंगचा क्लब काढायला निघाली की नावासाठी सल्ला विचारायला आपल्याकडेच येतात. ट्रेकिंग म्हणजे पाठीवर पिशवी घेऊन डोंगर-किल्ल्यांवर पायी जाणे. नांदेड-लातूर भागात अशा क्लबाला नाव देणे दिसते तितके सोपे नाही. गिऱ्हाईक येथे दोन उलट्या गोष्टी एकदम मागते. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसाला काहीतरी धाडस हवे असते, आणि आयुष्यात कधी टेकडी न चढल्यामुळे त्याला भीतीही वाटत असते.

पहिली चूक होते ती धाडसाच्या बाजूने. वाघ, गरुड, कमांडो, शिखरवीर असली नावे पोरांना आवडतात. पण चाळीस वर्षांची शिक्षिका किंवा पोट सुटलेला कारकून असे नाव वाचून स्वतःशी म्हणतो, हे आपले काम नाही. तो विचारायलाही येत नाही, म्हणून किती गिऱ्हाईक गेले हे क्लबाला कधी कळतच नाही. शिवाय आपल्या मुलखात हे नाव खोटे पडते. औसा, उदगीर आणि कंधार हे तिन्ही किल्ले भुईकोट, म्हणजे सपाटीवर बांधलेले आहेत. खरी चढण हवी असेल तर नांदेडहून थेट माहूर गाठावे लागते. शिखरवीर नाव लावून औशाच्या तटावर फिरवणे म्हणजे पाटी जरीची आणि माल सुती, असा प्रकार होईल.

दुसरी चूक सुरक्षिततेच्या बाजूने होते. नावातच 'सेफ' किंवा 'सुरक्षित' घालावे असे काहींना वाटते. पण दुधाच्या दुकानावर 'येथे पाणी मिसळत नाही' अशी पाटी लावली तर गिऱ्हाईकाच्या मनात पहिला विचार पाण्याचाच येतो. 'सुरक्षित' शब्द वाचून अपघात आठवतो. त्यात डोंगरात पाय मुरगळणार नाही, मधमाशा उठणार नाहीत, ऊन लागणार नाही, अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. फी घेऊन नेत असाल तर ती ग्राहकाला विकलेली सेवा होते, आणि पाळता न येणारी हमी पाटीवर लिहिणे उद्या अंगाशी येऊ शकते.

मग मार्ग कोणता? जुन्या संस्थांची नावे पाहा. मुंबईची 'गिरिविहार' १९५४ पासूनची. विहार म्हणजे मोकळे फिरणे. त्या नावात जिंकणे-हरणे नाही. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर माणसे चढवली, तरी नावात आहे ते फक्त डोंगरावरचे प्रेम, जे नवख्यालाही असू शकते. मुलुंडच्या 'चक्रम हायकर्स'ने तर स्वतःचीच थट्टा केली आहे. जो स्वतःवर हसतो त्याच्या दारात जायला कोणी बिचकत नाही. कठीण काम करणाऱ्या या तिन्ही संस्थांनी नावात पराक्रम मिरवला नाही, आणि सुरक्षिततेची हमीही दिली नाही.

आता आपल्याकडची काही नावे तपासू. 'कारवाँ' हे नाव कानाला गोड आहे, आणि एकत्र जाणे, कोणाला मागे न सोडणे हा अर्थ त्यात आपोआप येतो. पण कारवाँ, सफर, हमसफर ही नावे आपल्या भागात प्रवासी कंपन्यांची वाटतात. लोक उमऱ्याचे दर विचारायला फोन करतील. नांदेडात गुरुद्वाऱ्यामुळे 'यात्रा' शब्दाची हीच गत होईल. 'लातूर ट्रेकर्स' म्हणावे तर फोनवर ते 'ट्रॅक्स' ऐकू येते, आणि भाड्याची जीप मिळेल का म्हणून विचारणा होईल. शिवाय गावाचे नाव आणि धंद्याचे नाव एवढेच जोडलेल्या शब्दांना ट्रेडमार्क मिळणे अवघड असते. १९९९ च्या कायद्याप्रमाणे नुसते वर्णन करणारे नाव एकट्याच्या मालकीचे सहसा होत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मनाई आहे, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

माझी पसंती 'बालाघाट पायवाट' या नावाला आहे. बालाघाट ही आपलीच डोंगररांग. 'घाट' म्हणताच वळणे आणि चढ डोळ्यांपुढे येतात, धाडसाची भूक तेथे भागते. 'पायवाट' सांगते की येथून आधी कोणी चालून गेले आहे, आपण त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवायचे आहे. भीती कमी करण्याचे काम हा एक शब्द करतो. एक अडचण आहे. मध्य प्रदेशात बालाघाट नावाचा जिल्हा आहे, म्हणून खाली 'नांदेड-लातूर' लिहिणे भाग आहे.

त्याच्याही खाली एक ओळ हवी, आणि त्या ओळीत पडताळून पाहता येईल अशीच गोष्ट लिहावी. उदाहरणार्थ : 'पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी. पहाटे निघणे, संध्याकाळी घरी.' घरची मंडळी नेमके हेच विचारतात.

ही ओळ लिहिली की पहिली सहल तिला धरून ठेवावी लागते. लातूरकरांनी औसा तालुक्यातील खरोशाच्या लेण्यांची टेकडी घ्यावी, नांदेडकरांनी कंधारचा किल्ला. सहल हिवाळ्यात ठेवावी, माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. एक जाणकार पुढे आणि एक सर्वांत शेवटी असावा, आणि शेवटच्याने कोणाच्याही पुढे जाऊ नये. पायवाट म्हणून बोलावून पहिल्याच खेपेला नाशिककडच्या हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर नेले तर नाव तेथेच बुडाले असे समजा.

पाटी रंगवण्यापूर्वी दोन कामे करावीत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदीत तेच किंवा तसेच नाव आधी कोणी घेतले आहे का ते पाहावे. संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, तेव्हा त्या सातांनी ओळखीच्या दहा-वीस नवख्यांना नुसते नाव ऐकवून विचारावे की हे लोक तुम्हाला कोठे नेतील असे वाटते. उत्तर 'गाडीने देवदर्शनाला' किंवा 'दोरीने कड्यावर' असे आले तर नाव बदलावे.

नाव बरोबर होते की नाही हे पुढे वहीत कळते. पहिल्या सहलीला आलेल्या नवख्यांपैकी दुसऱ्या सहलीला किती आले, ते मोजावे. पहिल्या वेळी माणूस पाटी वाचून येतो. दुसऱ्या वेळी तो येतो, कारण पाटीवर जे लिहिले होते तेच त्याला डोंगरावर मिळाले.