एक्स्प्लेनर : पुडीवर ६०,००० आययू, डबीवर १५ एमसीजी, ‘ड’ जीवनसत्त्व नेमके किती घ्यायचे?

वर्धा : सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन माणूस गावी परततो आणि पुढचे औषध आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या मेडिकलमधून घेतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची औषधे घेताना तिथे गोंधळ होतो. दुधात घालून घ्यायच्या पुडीवर ६०,००० आययू लिहिलेले असते, तर शेजारच्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर १५ एमसीजी. पुडी आठवड्याला एक घ्यायची असते आणि गोळी रोज एक. हा फरक चुकला, तर परिणाम गंभीर होऊ शकतो.

ही दोन एकके वेगळी का?

एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा हजारावा भाग. काही डब्यांवर त्याऐवजी म्यू हे ग्रीक अक्षर आणि पुढे जी असते, अर्थ तोच. हे सरळ वजन आहे.

आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक. ते वजन नाही, परिणामाचे माप आहे. जीवनसत्त्वे शुद्ध स्वरूपात मिळत नव्हती, तेव्हा ती वजन करून मोजता येत नसत. मुडदूस झालेल्या उंदराची हाडे किती सुधारतात, यावरून ‘ड’ची ताकद ठरवली जाई. प्रत्येक प्रयोगशाळेचे माप सारखे असावे म्हणून १९३१ मध्ये राष्ट्रसंघाच्या लंडन परिषदेत प्रमाण एकके ठरली. पुढे शुद्ध जीवनसत्त्व मिळू लागले, तरी औषधांवर जुने एकक टिकून राहिले.

हिशेब कसा करायचा?

‘ड’साठी ४० हा आकडा लक्षात ठेवा. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. आययूला ४० ने भागले की मायक्रोग्रॅम मिळतात.

६०,००० भागिले ४० म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० आययू आहे. याचा अर्थ एका पुडीत १०० दिवसांची गरज भरलेली असते. डबीतल्या एका गोळीत एकाच दिवसाची.

आता समजा, आठवड्याची पुडी कोणी चुकून महिनाभर रोज घेतली. ३० पुड्या म्हणजे ३,००० दिवसांची, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाची गरज महिन्यात पोटात गेली. रोजची सुरक्षित कमाल मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४,००० आययू मानली जाते. रोजची पुडी तिच्या १५ पट होते.

जास्त झाले तर लघवीवाटे निघून जात नाही का?

नाही. ‘क’सारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे बरीचशी बाहेर पडतात. ‘ड’ चरबीत विरघळते आणि शरीरात साठते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते. भूक मंदावणे, मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी आणि गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. पुढे मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. ही लक्षणे दिसल्यास पुडी थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि कॅल्शियमची रक्ततपासणी करून घ्यावी.

डॉक्टर पुडी देतात ती कमतरता भरून काढण्यासाठी, ठरावीक आठवड्यांपुरती. जुन्या चिठ्ठीवर ती पुन्हा पुन्हा आणली, तर आठवड्याला एक घेऊनही साठा वाढत जातो. म्हणून ‘किती आठवडे?’ हे चिठ्ठी घेतानाच विचारावे.

बाळाच्या थेंबांचे काय?

इथे एकक एकच असते, पण ताकद वेगळी. बाजारात १ मिलिलिटरमध्ये ४०० आययू असलेले थेंब मिळतात आणि ८०० आययूचेही. तान्ह्या बाळाला साधारणपणे रोज ४०० आययू दिले जातात. म्हणजे पहिल्या बाटलीतून १ मिलिलिटर, दुसरीतून अर्धाच. बाटली बदलली, तर ड्रॉपरवरची खूणही बदलायची.

४० चा नियम सगळ्यांना लागू आहे का?

नाही. प्रत्येक जीवनसत्त्वाचे आययू वेगळे. लसीकरणाच्या वेळी बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस १ लाख आययूचा देतात. ‘अ’चे १ आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, म्हणून तो डोस ३०,००० मायक्रोग्रॅमचा होतो. ‘ड’चे १ लाख आययू मात्र फक्त २,५०० मायक्रोग्रॅम. त्यामुळे दोन जीवनसत्त्वांच्या आययूची तुलना करू नये.

दुकानात काय पाहावे?

आकडा किती मात्रेचा आहे ते आधी पाहा. काही डब्यांवर तो एका गोळीचा नसून दोन गोळ्यांचा असतो. मग घरातली कॅल्शियमची गोळीही तपासा, कारण तिच्यातही बहुतेक वेळा ‘ड’ असते. कॅल्शियमच्या गोळीत ५०० आययू आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये १० मायक्रोग्रॅम असेल, तर दुसरा आकडा लहान दिसतो. प्रत्यक्षात तो ४०० आययू आहे. दोन्ही मिळून रोजचे ९०० झाले, आठवड्याची पुडी त्याहून वेगळी. डॉक्टरांकडे जाताना नावे सांगण्यापेक्षा सगळ्या डब्याच सोबत न्याव्यात.